एक मशिन, दोन घसारे: कंपनीच्या पुस्तकात एसएलएम की डब्ल्यूडीव्ही, आणि आयकरात काय?

"साहेब, बँकेला नफा जरा बरा दिसू दे, पण टॅक्सला घसारा जास्त धरा." छोट्या कारखान्याचे मालक हे वाक्य जरा आवाज खाली घेऊन बोलतात, जणू काही आडमार्गाचं काम सांगतायत. त्यात आडमार्गाचं काहीच नाही. एकाच मशिनचा घसारा कंपनीच्या पुस्तकात एका पद्धतीने आणि आयकरात दुसऱ्या पद्धतीने धरणं कायदेशीर आहे. पुष्कळ प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांना तर ते करावंच लागतं. घोळ होतो तो दोन्ही हिशोब एकाच तक्त्यात कोंबल्यामुळे. पुस्तकात आयकराचा १५ टक्के दर लावलेला असतो, आयकरात कंपनी कायद्याच्या शेड्यूल टूमधलं मशिनचं आयुष्य धरलेलं असतं, आणि ऑडिटच्या आठवड्यात सगळं उलटं करावं लागतं.

इथे जनरल इंजिनिअरिंगचं काम करणारी, हिशोबाला जुनी मानकं (म्हणजे एएस) वापरणारी एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी डोळ्यांसमोर ठेवली आहे. तिने एक नवं सीएनसी लेथ घेतलं. उदाहरणातलं पहिलं वर्ष २०२४-२५, म्हणजे आयकर कायदा १९६१च्या काळातलं आहे. १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून लेखात कलमं टाळली आहेत. हिशोबाचा सांगाडा तोच आहे.

मालकीचा धंदा किंवा भागीदारी असेल तर शेड्यूल टू तुम्हाला लागू नाही. तिथे बहुतेक जण पुस्तकातही आयकराचेच दर लावतात आणि काम भागतं. तुम्हाला टप्पा १, २ आणि ५ पुरेत.

## टप्पा १: कागद जमवा, खरी किंमत ठरवा

घसाऱ्याची निम्मी भांडणं दरावरून वाटली तरी मुळात किमतीची असतात. त्यामुळे कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी मशिनची फाइल करा: विक्रेत्याचं बिल, वाहतूक आणि क्रेनची बिलं, फाउंडेशनचं बिल, इंजिनिअरच्या सहीचा कमिशनिंग रिपोर्ट, आणि ही सगळी देणी कशी दिली ते दाखवणारं बँक स्टेटमेंट.

आपल्या लेथचं बिल ३८,००,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६,८४,००० आहे. वाहतूक आणि क्रेनला ६०,०००, फाउंडेशनला १,००,००० आणि बसवणी-चाचणीला ४०,००० लागले. जीएसटीचं क्रेडिट घेतलं, म्हणून तो किमतीत धरायचा नाही. मशिनची किंमत झाली ४०,००,००० रुपये.

ऑपरेटरच्या प्रशिक्षणाचा खर्च आणि वार्षिक देखभालीचा करार यात येत नाही. ते दोन्ही खर्च म्हणून जातात, विक्रेत्याने एकाच बिलात लिहिले असले तरीही. अशा वेळी त्याच्याकडून किंमत फोडून लिहून घ्या.

सावधान: जीएसटी किमतीत मिळवून त्यावर घसारा धरला, तर त्या रकमेचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. दोन्ही घेतलेलं असेल तर एक परत जातं, आणि बहुधा व्याजासकट.

सावधान: फाउंडेशनवाल्याला एका दिवसात १०,०००च्या वर रोख दिलेत, तर आयकरात ती रक्कम मशिनच्या किमतीत धरली जात नाही. समजा ३५,००० एकरकमी रोख दिले. पुस्तकात किंमत ४०,००,०००च राहील, पण आयकरात ३९,६५,००० होईल. हा फरक पुढे मशिन असेपर्यंत दोन्ही तक्त्यांत वागवावा लागतो. चेक देणं सोपं.

## टप्पा २: तारखा दोन लिहा

रजिस्टरमध्ये "खरेदीची तारीख" असा एकच रकाना असेल तर तो आजच बदला. बिलाची तारीख घसाऱ्याला फारशी कामाची नाही. कामाच्या तारखा दोनच.

पहिली, मशिन वापरायला तयार झालं ती तारीख. पुस्तकातला घसारा इथून सुरू होतो, काम आलेलं असो वा नसो. दुसरी, मशिन धंद्यासाठी प्रत्यक्ष वापरात आलं ती तारीख. आयकर ही बघतं. पुस्तकात दिवसांच्या प्रमाणात घसारा येतो. आयकरात एकच कुंपण आहे: पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्मा दर, नाहीतर पूर्ण.

हे जवळून बघू. समजा लेथ १२ ऑगस्ट २०२४ला कारखान्यात उतरलं. फाउंडेशन सुकेपर्यंत दोन-तीन आठवडे गेले, चाचणी संपून २० सप्टेंबरला कमिशनिंग रिपोर्टवर सही झाली, आणि पहिला जॉब ७ ऑक्टोबरला लागला. पुस्तकात २० सप्टेंबर ते ३१ मार्च असे १९३ दिवसांचा घसारा येईल. आयकरात ७ ऑक्टोबरपासून १७६ दिवस भरतात, म्हणून दर निम्मा, साडेसात टक्के. ६,००,०००च्या जागी ३,००,०००च मिळतील.

हाच जॉब ३ ऑक्टोबरला लागला असता तर बरोबर १८० दिवस भरले असते आणि पूर्ण दर मिळाला असता. २५.१६८ टक्के कर भरणाऱ्या कंपनीला त्या चार दिवसांपायी त्या वर्षी ७५,५०४ रुपये जास्त भरावे लागतात. पैसा बुडत नाही, कारण उरलेले ३,००,००० आयकराच्या शिल्लक किमतीत राहून पुढच्या वर्षांत मिळत जातात. पण आज खिशातून जातो. एक्सेलमध्ये तपासायचं असेल तर:

```
=DATE(2025,3,31)-DATE(2024,10,3)+1
```

उत्तर 180 येतं. ज्या आर्थिक वर्षात २९ फेब्रुवारी असतो, त्यात ४ ऑक्टोबरही चालतो.

मग मालक म्हणतात, तारीख थोडी मागे लिहू. लिहू नका. ई-वे बिल, कमिशनिंग रिपोर्ट, जॉब कार्ड आणि वीजबिल हे चार कागद एकमेकांशी बोलतात, आणि त्यांचं एकमत झालं नाही की पुढचं बोलणं तुम्हाला करावं लागतं. नुसत्या चाचणीला "वापर" म्हणायचं का यावरही वाद होतात, म्हणून मी पहिल्या विक्रीयोग्य जॉबचं कार्डच फाइलला लावतो. ऑगस्ट-सप्टेंबरात मशिन येणार असेल तर फाउंडेशन आधीच टाकून ठेवणं हाच यातला खरा उपाय.

पुढची आकडेमोड सोपी राहावी म्हणून आपलं लेथ १ एप्रिल २०२४लाच तयार होऊन वापरात आलं असं धरतो.

## टप्पा ३: आयुष्य, शिल्लक किंमत आणि पद्धत ठरवा

सीएनसी लेथ ही सर्वसाधारण यंत्रसामग्री. कंपनी कायदा २०१३च्या शेड्यूल टूमध्ये तिचं आयुष्य १५ वर्षं आहे. शेवटी उरणारी किंमत मूळ किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत धरतात. म्हणजे आपल्याकडे २,००,००० शिल्लक ठेवून ३८,००,००० पंधरा वर्षांत खर्ची टाकायचे. वेगळं आयुष्य धरायचं असेल तर तांत्रिक आधार लागतो आणि ते वार्षिक हिशोबाच्या टिपेत सांगावं लागतं.

शेड्यूल टू दर देत नाही, आयुष्य देतं. हे लक्षात न घेतल्यामुळे लोक जुन्या कंपनी कायद्याच्या शेड्यूल चौदातले दर अजून चिकटवतात.

आता पद्धत. सरळ रेषेच्या पद्धतीत, म्हणजे एसएलएममध्ये, दरवर्षी सारखा घसारा. घटत्या शिल्लकेच्या पद्धतीत, म्हणजे डब्ल्यूडीव्हीमध्ये, दरवर्षी उरलेल्या किमतीवर तोच टक्का, म्हणून आधी जास्त आणि पुढे कमी. हिशोबाच्या मानकाचा नियम असा की मशिनचा फायदा ज्या गतीने ओरपला जातो, ती गती पद्धतीत दिसावी. बँकेला काय आवडेल हा निकष त्यात नाही.

माझं मत विचाराल तर वर्षभर ठरावीक काम करणाऱ्या, दहा-बारा वर्षं तशाच चालणाऱ्या मशिनला एसएलएम शोभतं. ज्याची अचूकता पहिल्या चार-पाच वर्षांत उतरते आणि मग स्पिंडल, बॉलस्क्रू, ड्राइव्ह यांचा दुरुस्तीखर्च चढत जातो, त्याला डब्ल्यूडीव्ही बरं. तिथे घसारा उतरताना दुरुस्ती चढते आणि मशिनचा एकूण वार्षिक भार बराचसा सारखा राहतो. कुठलीही घ्या, सारख्या जातीच्या मशिनांना तीच लावा. एका लेथला एक आणि शेजारच्या लेथला दुसरी असं केलंत तर समर्थन तुम्हालाच द्यावं लागेल.

## टप्पा ४: पुस्तकातला घसारा काढा

एसएलएम: ३८,००,००० ला १५ ने भागा. वर्षाला २,५३,३३३.

डब्ल्यूडीव्हीला आधी दर काढावा लागतो. असा दर हवा की १५ वर्षांनी बरोबर ५ टक्के उरतील:

```
=1-(200000/4000000)^(1/15)
```

उत्तर १८.१० टक्के. पहिल्या वर्षी ४०,००,०००वर ७,२४,०००. दुसऱ्या वर्षी उरलेल्या ३२,७६,०००वर ५,९२,९५६. असं पुढे.

इथे दोन चुका इतक्या वेळा दिसतात की त्यांच्यावर थांबायलाच हवं. पहिली, डब्ल्यूडीव्हीत ५ टक्के शिल्लक आधी वजा करून मग १८.१० टक्के लावणं. सूत्रात ती शिल्लक आधीच धरलेली आहे, तुम्ही ती दोनदा काढता. ही चूक मी स्वतः पहिल्या वर्षी चार मशिनांवर केली होती. डब्ल्यूडीव्ही पूर्ण किमतीवर चालते, एसएलएम शिल्लक वजा करून चालते. दुसरी चूक उलटी: एसएलएमचा ६.३३ टक्के दर दुसऱ्या वर्षापासून उरलेल्या किमतीवर लावणं. सॉफ्टवेअरमध्ये पद्धतीचा पर्याय चुकीचा निवडला की हे आपोआप होतं आणि आकडे छोटे दिसत असल्यामुळे कोणी बघत नाही.

मशिन वर्षभर दोन पाळ्यांत चाललं तर पुस्तकातला घसारा ५० टक्क्यांनी वाढतो, तीन पाळ्यांत दुप्पट होतो. जेवढा काळ जादा पाळी, तेवढ्यापुरतीच वाढ. आपल्या लेथचा एसएलएम घसारा वर्षभर दोन पाळ्यांत ३,८०,००० होईल. आयकरात अशी वाढ नाही, हेही दोन तक्ते वेगळे ठेवण्याचं एक कारण.

तपासणी: एसएलएममध्ये पंधरा वर्षांची बेरीज ३८,००,००० यायला हवी. डब्ल्यूडीव्हीत पंधराव्या वर्षाअखेर दोन लाखांच्या आसपास उरायला हवेत. दर दोन दशांशांपर्यंतच घेतल्यामुळे थोडा फरक राहतो. हजारोंत फरक आला तर दर चुकलाय.

## टप्पा ५: आयकराचा घसारा काढा, वेगळ्या पानावर

आयकरात पंधरा वर्षं, ५ टक्के शिल्लक, पाळ्या यातलं काही नाही. सर्वसाधारण यंत्रसामग्रीला १५ टक्के, घटत्या शिल्लकेवर. एसएलएमचा पर्याय वीजनिर्मिती करणाऱ्यांपुरता आहे, तुम्हा-आम्हाला नाही.

इथे मशिन एकेकटं नसतं. १५ टक्क्यांची सगळी यंत्रं मिळून एक ब्लॉक असतो. सुरुवातीची शिल्लक, त्यात वर्षातली खरेदी मिळवायची, विक्रीची रक्कम वजा करायची, उरेल त्यावर दर. कुठल्या मशिनची किती किंमत उरली हे आयकर विचारत नाही.

आपल्या लेथपुरते तीनही आकडे शेजारी ठेवले तर असे दिसतात:

| वर्ष | पुस्तक, एसएलएम | पुस्तक, डब्ल्यूडीव्ही १८.१०% | आयकर १५% |
|---|---|---|---|
| १ | २,५३,३३३ | ७,२४,००० | ६,००,००० |
| २ | २,५३,३३३ | ५,९२,९५६ | ५,१०,००० |
| ३ | २,५३,३३३ | ४,८५,६३१ | ४,३३,५०० |
| ४ | २,५३,३३३ | ३,९७,७३२ | ३,६८,४७५ |
| ५ | २,५३,३३३ | ३,२५,७४२ | ३,१३,२०४ |
| ५ वर्षांअखेर शिल्लक | २७,३३,३३३ | १४,७३,९३९ | १७,७४,८२१ |

मधला रकाना डावीकडच्या रकान्याच्या खाली पहिल्यांदा सातव्या वर्षी जातो. तोपर्यंत दरवर्षी डब्ल्यूडीव्हीवाल्या कंपनीचा नफा एसएलएमवालीपेक्षा कमी दिसत राहतो.

सावधान: "यंदा नफा कमी आहे, घसारा पुढच्या वर्षी घेऊ" हे आयकरात चालत नाही. तुम्ही मागा किंवा न मागा, तो दिलाच असं धरून शिल्लक कमी होते.

नव्या मशिनवर उत्पादकाला २० टक्के जादा घसाराही मिळतो, पण कमी दराच्या नव्या कररचनेत गेलेल्या कंपनीला नाही. जुनं विकत घेतलेलं मशिन आणि ऑफिसातली यंत्रं यांना कुठेच नाही. रचना आधी ठरवा, मग हा रकाना उघडा.

## टप्पा ६: नफ्यापासून करापर्यंत चाला

आता मालकाचा प्रश्न. समजा २०२४-२५चा घसाऱ्याआधीचा नफा २०,००,००० आहे, कंपनीकडे हे एकच मशिन आहे, आणि तिने २२ टक्क्यांची रचना घेतली आहे. अधिभार आणि उपकर धरून दर २५.१६८ टक्के.

एसएलएम वापरली तर पुस्तकातला करपूर्व नफा १७,४६,६६७. करपात्र उत्पन्नासाठी पुस्तकातला घसारा २,५३,३३३ परत मिळवा, आयकराचा ६,००,००० वजा करा. उत्तर १४,००,०००.

डब्ल्यूडीव्ही वापरली तर करपूर्व नफा १२,७६,०००. त्यात ७,२४,००० मिळवा, ६,००,००० वजा करा. उत्तर पुन्हा १४,००,०००.

दोन्हीकडे कर ३,५२,३५२. नफ्यात ४,७०,६६७चा फरक, करात एक रुपयाचा नाही. "डब्ल्यूडीव्ही घेतली की टॅक्स वाचतो" हे ज्यांना पाठ आहे त्यांनी ही दोन ओळींची आकडेमोड एकदा हाताने करावी. पुस्तकातला घसारा परत मिळवायची ओळच विसरली तर मात्र घसारा दोनदा वजा होतो, करपात्र उत्पन्न ११,४६,६६७ किंवा ६,७६,००० असं काहीतरी दिसतं, आणि ते सापडतंच. टॅक्स ऑडिट असेल तर त्याच्या फॉर्ममध्ये घसाऱ्याची वेगळी नोंद असते.

मग पुस्तकात आणि आयकरात मशिनची शिल्लक वेगळी राहिली, तिचं काय? तिथे डिफर्ड टॅक्स येतो. एसएलएममध्ये पुस्तकी शिल्लक ३७,४६,६६७, आयकराची ३४,००,०००. फरक ३,४६,६६७. आयकरात घसारा आज जास्त घेतलाय, तो पुढे कमी मिळणार, म्हणजे कर पुढे ढकललाय. त्यावर २५.१६८ टक्क्यांनी ८७,२४९ देणं म्हणून दाखवायचं. डब्ल्यूडीव्हीत उलटं: पुस्तकी शिल्लक ३२,७६,०००, आयकरापेक्षा १,२४,०००ने कमी, म्हणून ३१,२०८ची डिफर्ड टॅक्स मालमत्ता. ही मालमत्ता पुढे पुरेसा नफा होण्याची वाजवी खात्री असेल तरच दाखवा.

करानंतरचा नफा एसएलएममध्ये १३,०७,०६६ आणि डब्ल्यूडीव्हीत ९,५४,८५६.

तपासणी, आणि ही चुकवू नका: करानंतरच्या नफ्यात घसारा परत मिळवा, डिफर्ड टॅक्सचं देणं मिळवा किंवा मालमत्ता वजा करा. दोन्ही पद्धतींत १६,४७,६४८च यायला हवेत, म्हणजे २०,००,००० वजा भरलेला कर. आकडा वेगळा आला तर चूक वर कुठेतरी आहे. पुढे जाऊ नका.

हीच बेरीज बँकेतला जाणता अधिकारीही करतो. कर्जाचा हप्ता भरण्याची ताकद तो घसारा परत मिळवून बघतो. त्यामुळे नुसती पद्धत बदलून त्याला खूश करण्याचा बेत बहुधा फुकट जातो. लाभांश मात्र पुस्तकी नफ्यावर ठरतो, तिथे पद्धतीला वजन आहे.

## टप्पा ७: मॅट लागतो का ते बघा

वरचं "करात एक रुपयाचा फरक नाही" हे एका ठिकाणी मोडतं. जी कंपनी जुन्या रचनेतच राहिली, तिला पुस्तकी नफ्यावर किमान कर, म्हणजे मॅट, बघावा लागतो. २०२४-२५ला त्याचा दर १५ टक्के अधिक ४ टक्के उपकर होता. २२ टक्क्यांच्या रचनेत गेलेल्यांना मॅट नाही, त्यांनी थेट पुढच्या टप्प्यावर जावं.

तीच कंपनी जुन्या रचनेत धरा. जादा घसाऱ्यासह आयकराचा घसारा ३५ टक्के, म्हणजे १४,००,०००. करपात्र उत्पन्न ६,००,०००. २५ टक्के दर आणि उपकर धरून कर १,५६,०००. आता मॅट. एसएलएमच्या १७,४६,६६७वर तो २,७२,४८० होतो, डब्ल्यूडीव्हीच्या १२,७६,०००वर १,९९,०५६. दोन्ही १,५६,०००पेक्षा जास्त, म्हणून मॅटच भरावा लागतो, आणि इथे एसएलएमवाली कंपनी त्या वर्षी ७३,४२४ जास्त भरते. जास्तीचा मॅट त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे क्रेडिट म्हणून पुढे नेता येत होता, पण रोकड आज जाते. मॅटचे दर आणि क्रेडिटचे नियम बदलत असतात. ज्या वर्षाचा हिशोब करताय त्या वर्षाचे घ्या, गेल्या वर्षाच्या फाइलमधून उचलू नका.

## टप्पा ८: पद्धत बदलायची असेल तर

तीन वर्षं डब्ल्यूडीव्ही चालवली आणि आता एसएलएमवर यायचंय, असं समजा. २०१६च्या आधीच्या मानकाप्रमाणे पहिल्या दिवसापासूनचा घसारा नव्याने काढून फरक एका वर्षात टाकावा लागे. अनेकांच्या डोक्यात अजून तेच आहे. २०१६मध्ये सुधारित एएस १० आलं तेव्हापासून पद्धत बदलणं हा अंदाजातला बदल धरला जातो, आणि त्याचा परिणाम पुढेच जातो. मागचं उकरायचं नाही.

तिसऱ्या वर्षाअखेर शिल्लक २१,९७,४१३. त्यातून २,००,००० वजा करून उरलेल्या १२ वर्षांत वाटा: वर्षाला १,६६,४५१. डब्ल्यूडीव्हीत चौथ्या वर्षी ३,९७,७३२ आले असते. म्हणजे एका नोंदीने त्या वर्षीचा नफा २,३१,२८१ने वाढला, आणि मशिनने एकही जादा जॉब केला नाही. म्हणून टिपेत बदल आणि त्याचा आकडा लिहावाच लागतो. मशिनच्या वापराचा ढंग बदललाय हे दाखवणारं काही हातात नसेल तर ऑडिटर सही करताना अडेल, आणि त्याचं अडणं बरोबर असेल. आयकराच्या पानावर या बदलाने काहीच हलत नाही.

## टप्पा ९: मशिन विकताना

सहाव्या वर्षाच्या १ एप्रिललाच लेथ २२,००,०००ला विकलं असं धरू. वर्षाच्या मधे विकलं असतं तर पुस्तकात विक्रीच्या तारखेपर्यंतचा घसारा आधी टाकावा लागला असता. ही ओळ बरेच जण विसरतात.

एसएलएमच्या पुस्तकात शिल्लक २७,३३,३३३, म्हणून ५,३३,३३३ तोटा. डब्ल्यूडीव्हीच्या पुस्तकात १४,७३,९३९, म्हणून ७,२६,०६१ नफा. मशिन तेच, गिऱ्हाईक तेच, भाव तोच. मालकाला इथे पहिल्यांदा पटतं की पाच वर्षं एसएलएमवर दिसलेल्या नफ्यातला काही भाग उसना होता. दोन्ही पद्धतींत एकूण बोजा १८,००,०००च, म्हणजे ४० लाखांतून २२ लाख गेले ते. एसएलएमने त्यातले १२,६६,६६७ घसारा म्हणून टाकले आणि उरलेले एका दिवशी. डब्ल्यूडीव्हीने आधीच २५,२६,०६१ टाकून ठेवले होते आणि जास्तीचे परत दिले.

आयकरात यातला नफा किंवा तोटा दोन्ही येत नाहीत. कंप्युटेशनमध्ये पुस्तकातला तोटा परत मिळवा, नफा असेल तर वजा करा. मग २२,००,००० ब्लॉकमधून काढा. मधल्या काळात दुसरी मशिनं येऊन, आपलं लेथ धरून ब्लॉक समजा ३०,००,०००चा झाला असेल, तर ८,००,००० उरतील आणि त्यावर १५ टक्क्यांनी १,२०,००० घसारा मिळेल. विक्रीवर वेगळा कर नाही.

पण लेथ हेच ब्लॉकमधलं एकमेव मशिन असेल तर १७,७४,८२१च्या वरचे ४,२५,१७९ अल्पकालीन भांडवली नफा ठरतात, मशिन पाच वर्षं वापरलं असलं तरी. त्याच वर्षी, ३१ मार्चच्या आत, त्याच ब्लॉकमध्ये बसणारं दुसरं मशिन घेतलं तर त्याची किंमत ब्लॉकमध्ये मिळते आणि हा नफा तेवढ्याने कमी होतो किंवा उरतच नाही. म्हणून जुनं मशिन काढून नवं घ्यायचंच असेल, तर विक्री मार्चमध्ये आणि खरेदी एप्रिलमध्ये करू नका.